फॉर्म्युल्यांवर आकडे चिकटवले गेले, जुनी फाइल परत मागायचं पत्र कसं लिहू?

लेखनिक | २७ फेब्रुवारी, सायं. ६:४०

नमस्कार मंडळी. सहकारी सूतगिरणीत लेखा विभागात आहे. आमचं पगारपत्रक एका एक्सेल फाइलमध्ये आहे. दर महिन्याला नवीन शीट करत नाही, एकच शीट. C2 मध्ये महिन्याचा आकडा बदलायचा, हजेरी चिकटवायची, कपाती आपोआप येतात, मग पीडीएफ काढून ठेवायची. १४३ माणसं.

आज फेब्रुवारीचा पगार काढताना C2 मध्ये २ टाकलं, तरी व्यवसाय कर सगळ्यांना २००च. फेब्रुवारीत ३०० यायला हवा. सेलवर क्लिक केलं तर वर नुसतं 200. फॉर्म्युला नाहीच. O ते R, म्हणजे पीएफ, व्यवसाय कर, ईएसआय आणि कामगार कल्याण निधी, हे चारही कॉलम नुसते आकडे झालेत. कुणीतरी कॉपी करून पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज केलंय.

आमच्या संगणक विभागाला (तो मुख्य कार्यालयात, दुसऱ्या गावी) पत्र द्यायचंय. साहेब म्हणाले मराठीतच द्या, आवक-जावक नंबर घालून. मी एवढं लिहिलंय:

"महोदय, पगारपत्रकाची फाइल खराब झाली आहे. तरी कालची फाइल त्वरित पूर्ववत करून मिळावी ही विनंती."

पुरेसं आहे का?

---

उंटावरचा शहाणा | सायं. ७:०५

पत्रबित्र कशाला? फाइलवर राइट क्लिक, `Properties`, त्यात `Previous Versions`. कालची निवडा, `Restore` दाबा, चहा प्या.

---

मोहरी | सायं. ७:१२

एक्सेल न सेव्ह करता बंद झालं असेल तर `File`, `Info`, `Manage Workbook` मध्ये `Recover Unsaved Workbooks` असतं, तिथे बघा. माझी पूर्ण प्रेझेंटेशन एकदा तिथे सापडली होती.

---

लेखनिक | सायं. ७:३०

मोहरीताई, इथे उलटं झालंय. फाइल व्यवस्थित सेव्ह झाली, तोच घोटाळा आहे.

शहाणेसाहेब, तुम्ही म्हणता तो टॅब दिसतो, यादीही मोठी आहे. कालची `Open` करून बघितली, तीही मेलेलीच. मागे मागे गेलो. यादीतली सगळ्यात जुनी १५ जानेवारीची आहे, तिच्यातही नुसते आकडेच. `Restore` दाबायची हिंमत झाली नाही.

---

खतावणी | सायं. ७:४४

नाही दाबलंत ते फार बरं केलंत. आमच्या पतसंस्थेत व्याजाच्या तक्त्यावर मी दाबलं होतं. जुनी फाइल चालू फाइलच्या उरावर येऊन बसली आणि तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. उलट फिरवायची सोय नाही. मग डे-बुकावरून पुन्हा भरल्या, दोन रविवार गेले.

---

सर्व्हररूमवाला | रात्री ९:२०

मी या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. असली पत्रं आठवड्याला दोन-तीन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी १५ जानेवारीचं. विंडोज सर्व्हरवर शॅडो कॉपी चालू केली आणि वेळापत्रकाला कुणी हात लावला नाही, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ अशा रोज दोन प्रती निघतात. एका व्हॉल्यूमला जास्तीत जास्त ६४ राहतात. पासष्टावी आली की पहिली जाते. १५ जानेवारीपासून आजपर्यंत शनिवार-रविवार सोडून दिवस मोजा: ३२. दुणे ६४. म्हणजे तुमच्या यादीत आहे त्याच्या मागे त्या वाटेने जाताच येणार नाही. उंटावरच्या शहाण्यांचा उपाय चूक नाही, पण मुदत टळलेली आहे. आणि जागा कमी पडली असती तर ६४च्याही आधीच जुन्या प्रती उडाल्या असत्या.

आता रात्रीचा बॅकअप उरतो, आणि तो आम्हीच काढून देऊ शकतो. म्हणून पत्र हवंच.

तुमच्या मसुद्यातला "कालची" हा शब्द तुम्हाला बुडवेल. मी कालची फाइल काढली असती, उघडली असती, आकडे दिसले असते, "काम झाले" असा शेरा मारून तिकीट बंद केलं असतं. फॉर्म्युला मेल्यावर आकडा तसाच दिसतो, त्यामुळे मला चूक कळणारच नाही. "खराब झाली" हेही तसंच. खराब म्हटलं की आमच्याकडे फाइल उघडत नाही असा अर्थ होतो, पोरगं रिपेअर करत बसतं.

मला दोन तारखा हव्यात. फॉर्म्युले नक्की जिवंत होते अशी शेवटची आणि नक्की मेलेले होते अशी पहिली. तुमच्याकडे दुसरी आहे, १५ जानेवारी. पहिली शोधा. डिसेंबरच्या पगाराची फाइल कुणाला मेल केली होती का? `Sent` बघा.

---

पाचवा वार | रात्री ९:४१

मी वीस वर्षं पगार करतेय. मेलच्या आधी तुमच्या जानेवारीच्या पीडीएफमध्ये कल्याण निधीचा कॉलम बघा. तो फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातो, कामगाराचे २५ रुपये. जानेवारीच्या पत्रकात २५ दिसले तर आकडे डिसेंबरचे गोठलेले आहेत. मग फॉर्म्युले मेले ते डिसेंबरचा पगार काढल्यावर आणि जानेवारीचा काढण्याआधी.

---

लेखनिक | रात्री १०:१५

ताई, पीडीएफ उघडली आणि घाम फुटला. जानेवारीत सगळ्यांचे २५ कापलेत. १४३ गुणिले २५, ३,५७५ रुपये. एकानेही विचारलं नाही.

आणि अजून एक. एक जण जानेवारीत ११ दिवस बिनपगारी होता. मूळ पगार १६,०००. ३१ पैकी २० दिवसांचा १०,३२३ होतो, त्याचे १२ टक्के १,२३९. पत्रकात पीएफ १,८०० कापलाय, डिसेंबरचा पूर्ण महिन्याचा. बिचाऱ्याचे ५६१ जास्त गेले. बाकी बहुतेकांचे आकडे दर महिन्याला तेच असतात, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

मेल सापडला. ७ जानेवारी, दुपारी ४:४०. मी लग्नाला गावी होतो, माझ्या जागी दुसरे बसले होते. कन्सल्टंटने "फॉर्म्युले नकोत, नुसते आकडे पाठवा" असं मागितलं होतं. त्यांनी व्हॅल्यूज केल्या, फाइल जोडली, पाठवली. `Save As` करायच्या ऐवजी सेव्ह.

---

उंटावरचा शहाणा | रात्री १०:२२

चार कॉलम आहेत. पुन्हा लिहून काढा की! मी देतो, हा व्यवसाय कराचा:

```
=IF(N5<=7500,0,IF(N5<=10000,175,IF($C$2=2,300,200)))
```

खाली ओढा, संपलं.

---

पाचवा वार | रात्री १०:३०

बायकांचं काय? २५,०००पर्यंत महिलांना व्यवसाय कर नाही. तुमचा फॉर्म्युला ओढला तर उद्या सकाळी सगळ्या जणी लेखनिकांच्या टेबलापाशी.

---

लेखनिक | रात्री १०:५०

तेच तर. ही फाइल आमच्या निवृत्त मुख्य लेखनिकांनी नऊ वर्षांत बांधलेली. काहींचा पीएफ १५,०००च्या मर्यादेवर, काहींचा पूर्ण मूळ पगारावर, मागच्या करारामुळे. कोण कुठल्यात ते त्या त्या ओळीच्या फॉर्म्युल्यातच होतं, दुसरीकडे लिहिलेलं नाही. वेगळ्या ओळी साधारण चौदा असाव्यात, पण कुठल्या चौदा ते मला पाठ नाही. म्हणून जुनी फाइल पाहिजे.

---

सर्व्हररूमवाला | रात्री ११:२५

हे कारण पत्रात घाला. नाहीतर आमच्याकडचाही कुणी शहाणा म्हणेल, पुन्हा लिहा. (शहाणेराव, राग नको.)

म्हणजे हवी ती प्रत ६ जानेवारीच्या रात्रीची. पण ती मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी रोजचे बॅकअप ३० दिवस ठेवतात आणि पुढे महिनाअखेरचा तेवढा राहतो. तसं असेल तर तुमच्या हाती ३१ डिसेंबरचा येईल. तो चालेल का?

---

लेखनिक | रात्री ११:३२

चालेल. त्यात हजेरी नोव्हेंबरची असेल, पण मला फॉर्म्युलेच हवेत.

---

सर्व्हररूमवाला | रात्री ११:५०

मग तेही लिहून टाका, म्हणजे "६ तारखेची उपलब्ध नाही" एवढं उत्तर येऊन चार दिवस जायचे नाहीत.

आणखी तीन गोष्टी. तुम्ही फाइल `Z:` वर म्हणत असाल. तुमचा Z माझ्याकडे Z नसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये `net use` टाइप करा, Z समोर सर्व्हरचं खरं नाव दिसेल. तो पूर्ण मार्ग लिहा.

दुसरं, चालू फाइलवर काही टाकू नका असं ठळक लिहा. प्रत वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि तो फोल्डर कुठला ते तुम्ही सांगा. फाइल नव्या जागी काढली की तिला बहुधा त्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. आमच्या पोराने सोयीसाठी ती सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवली तर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे पगार सगळ्यांना दिसतील.

तिसरं, मला एक चाचणी द्या, पगारातलं ओ की ठो न कळता करता येईल अशी. हे कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये:

```
=SUMPRODUCT(--ISFORMULA(O5:O147))
```

ओळ ५ ते १४७ म्हणजे १४३ माणसं बरोबर ना? जिवंत फाइलमध्ये उत्तर १४३ येईल, मेलेल्यात ०. एक्सेल २०१३ किंवा पुढचं लागेल.

---

खतावणी | २८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

ज्यांनी केलं त्यांचं नाव पत्रात घालणार का? आमच्याकडे घातलं होतं. वर्ष झालं, दोघं बोलत नाहीत.

---

पाचवा वार | सकाळी ८:२६

नाव नको, पण वेळ हवी. आणि जास्तीच्या कपातीचं प्रकरण या पत्रात घालू नका. ते साहेबांना वेगळं लिहा. संगणक विभागाला त्याच्याशी काय करायचंय?

---

उंटावरचा शहाणा | सकाळी ८:४०

माझ्या मते नाव घातलंच पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. आणि शीटला पासवर्ड लावा.

---

सर्व्हररूमवाला | सकाळी ९:०५

बॅकअप काढायला मला नाव लागत नाही, एवढं सांगतो. बाकी तुमच्या ऑफिसचं तुम्ही बघा.

---

लेखनिक | सकाळी ११:३०

सगळ्यांचं ऐकून हा मसुदा. सर्व्हरचं नाव इथे बदललंय.

> प्रति,
> प्रमुख, संगणक विभाग
>
> विषय: पगारपत्रकाच्या फाइलची ६ जानेवारी २०२६ रोजीची प्रत बॅकअपमधून वेगळ्या ठिकाणी काढून मिळणेबाबत
>
> महोदय,
>
> खालील फाइल व्यवस्थित उघडते. परंतु तिच्यातील `Pagar` या शीटमधील O5 ते R147 या सेलमधील फॉर्म्युल्यांवर आकडे चिकटवले जाऊन फाइल जतन झाली आहे. त्यामुळे महिना बदलला तरी कपाती बदलत नाहीत.
>
> फाइल: `\\SRV2\Lekha\Pagar\Pagar_2025-26.xlsx`
>
> हा बदल दि. ७ जानेवारी २०२६ रोजी दुपारी ४:४० च्या सुमारास झाला असावा. त्या वेळी ईमेलने गेलेल्या प्रतीत फॉर्म्युले नाहीत. दि. १५ जानेवारीची प्रत आम्ही `Previous Versions` मधून पाहिली, तीतही नाहीत. त्याआधीच्या प्रती तेथे शिल्लक नाहीत.
>
> तरी दि. ६ जानेवारीच्या रात्रीच्या बॅकअपमधील प्रत मिळावी. ती नसल्यास ७ जानेवारीपूर्वीची जी सर्वांत अलीकडील प्रत असेल ती चालेल, महिनाअखेरचीही चालेल. ७ जानेवारीनंतरची कोणतीही प्रत उपयोगाची नाही.
>
> चालू फाइल बदलू नये. तीत फेब्रुवारीची हजेरी आहे. जुनी प्रत `\\SRV2\Lekha\Pagar\Juni` या फोल्डरमध्ये, नावापुढे तारीख जोडून ठेवावी. फाइलमध्ये पगाराची माहिती असल्याने ती ईमेलने पाठवू नये व अन्य फोल्डरमध्ये ठेवू नये.
>
> प्रत योग्य आहे का हे पाहण्यासाठी रिकाम्या सेलमध्ये `=SUMPRODUCT(--ISFORMULA(O5:O147))` टाकावे. उत्तर १४३ च्या आसपास यावे. शून्य आल्यास त्याआधीची प्रत काढावी. पाहून झाल्यावर फाइल जतन न करता बंद करावी.
>
> काही ओळींतील फॉर्म्युले व्यक्तिगणिक वेगळे असून त्यांची नोंद अन्यत्र नाही, त्यामुळे ते नव्याने लिहिणे शक्य नाही. फेब्रुवारीचा पगार ७ मार्च रोजी द्यावयाचा असल्याने प्रत ४ मार्चपर्यंत मिळावी.
>
> आपला,
> लेखा अधिकारी

---

सर्व्हररूमवाला | दुपारी १२:१०

उत्तम. "फाइल व्यवस्थित उघडते" हे पहिल्याच ओळीत घातलंत ते बेस. असं पत्र मला आलं तर मी फोनही करणार नाही, थेट काढायला बसेन.

फक्त हे आजच द्या. महिनाअखेरचे बॅकअपही कधीतरी पुसले जातात, आणि तुमच्याकडे ते किती ठेवतात हे तुम्हाला माहीत नाही.

---

मोहरी | दुपारी १:०२

आमच्याकडे फाइल वनड्राइव्हवर असतात. तिथेही हीच कटकट का?

---

सर्व्हररूमवाला | दुपारी १:३०

तिथे थोडं सोपं. `File`, `Info`, `Version History`. तिथे जुनी आवृत्ती पूर्ववत केली तरी आत्ताची यादीत राहते, खतावणींसारखं होत नाही. पण ऑटोसेव्ह चालू असतं, त्यामुळे "सेव्ह न करता बंद करतो" ही पळवाट तिथे नाही. व्हॅल्यूज चिकटवल्या की त्या क्षणापासून त्याच फाइलमध्ये.

---

लेखनिक | ३ मार्च, सायं. ५:५०

फाइल आली! तुम्ही म्हणालात तसंच, ६ जानेवारीची पुसली गेली होती, ३१ डिसेंबरची मिळाली. पत्रात लिहिलं होतं म्हणून विचारत बसले नाहीत.

आता अडचण. जुन्या फाइलमधून O ते R कॉपी करून चालू फाइलमध्ये चिकटवलं, तर फॉर्म्युल्यात हे घुसलं:

```
=IF(AND(D5="F",N5<=25000),0,IF(N5<=7500,0,IF(N5<=10000,175,IF('[Pagar_2025-26_3112.xlsx]Master'!$C$2=2,300,200))))
```

`Pagar` मधल्या C2 मध्ये महिना टाकतो तो खरं तर `Master` वर जातो, असं आज कळलं. आता फाइल उघडली की लिंक अपडेट करू का विचारते. फेब्रुवारी टाकला तरी कर २००च, कारण तो जुन्या फाइलमधला ११ बघतोय.

---

सर्व्हररूमवाला | सायं. ६:१५

दुसऱ्या शीटकडे बोट दाखवणारा फॉर्म्युला एका फाइलमधून दुसरीत नेला की तो मूळ फाइलचं नाव सोबत घेऊन येतो. जुनी फाइल उघडी ठेवूनच `Ctrl+H`, शोधायच्या जागी `[Pagar_2025-26_3112.xlsx]` कंसांसकट, बदलायची जागा रिकामी, `Look in` मध्ये `Formulas`. `Replace All`. त्याआधी चालू फाइलची एक प्रत काढून ठेवा, हे सांगायला नको.

---

पाचवा वार | सायं. ६:२०

आणि जानेवारीत कुणी नवीन लागलंय का? त्यांच्या ओळी जुन्या फाइलमध्ये नसतील. मधली कुणाची ओळ काढली असेल तर खालचे सगळे फॉर्म्युले एक ओळ सरकतील, म्हणजे एकाचा करार दुसऱ्याला. चिकटवण्याआधी दोन्ही फाइलमधले कर्मचारी क्रमांक शेजारी ठेवून जुळवायला हवे होते.

---

लेखनिक | रात्री ८:४०

पत्रानंतर दोन नवीन आलेत, पण शेवटी जोडलेत, १४८ आणि १४९. मधलं कुणी गेलेलं नाही. क्रमांक आत्ता जुळवले, सगळे जागच्या जागी. त्या दोन ओळींना खाली ओढलं.

`Replace All` केलं, लिंक गेली. C2 मध्ये २ टाकलं, ३०० आले. कल्याण निधी शून्य झाला. ११ दिवसवाल्याची जानेवारीची हजेरी घालून बघितली, १,२३९.

५६१ आणि ३,५७५ परत कसे करायचे ते साहेब आणि कन्सल्टंट ठरवताहेत. कन्सल्टंट म्हणतात पीएफचं चलन ते मूळ पगारावरून वेगळं काढतात, त्यामुळे तिकडे बरोबर भरणा झालाय, जास्तीचे आपल्याच खात्यात पडून आहेत. खातं अजून तपासलेलं नाही.

एक राहिलं. तुमच्या चाचणीचं उत्तर O कॉलमला १४३ नाही, १४२ आलं. शोधलं तर ओळ ६१ मध्ये नुसतं 1800 लिहिलंय, आणि ते ३१ डिसेंबरच्या फाइलमध्येही तसंच होतं. म्हणजे जानेवारीतल्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. निवृत्त मुख्य लेखनिकांना फोन केला. म्हणाले, "त्याला कारण होतं बाबा, मुद्दाम केलेलं आहे. काय ते आता आठवत नाही. हात लावू नकोस."

---

उंटावरचा शहाणा | रात्री ८:५५

लावा हात.

---

पाचवा वार | रात्री ८:५७

लावू नका! आधी त्या माणसाची सेवापुस्तिका काढा.